कपाटामागची ओल: पावसाळ्याआधी केलेल्या एका जाहिरातीचं प्रकरण

काम साधं होतं. कल्याण-डोंबिवली पट्ट्यात रंगाचं दुकान आणि जोडीला वॉटरप्रूफिंगची ठेकेदारी करणाऱ्या एका व्यावसायिकाला पावसाळ्याआधी दीड मिनिटाची फिल्म हवी होती. पुढे त्यांना नुसतं शेठ म्हणते. त्यांची मागणी अशी: ओल आलेली खरी भिंत दाखवायची, तिच्यावरचं काम दिवसागणिक दाखवायचं आणि शेवटी नवा रंग. सेटवर उभारलेली भिंत नको, कारण लोकांना आता ती लगेच ओळखू येते. फिल्म मे संपायच्या आत बाहेर पडायला हवी होती. मुंबईत मान्सून सर्वसाधारणपणे ११ जूनच्या आसपास येतो आणि वॉटरप्रूफिंगची चौकशी त्याआधीच्या तीन आठवड्यांतच होते. एकदा पाऊस लागला की ठेकेदाराला फोन येतात ते शिव्या घालायला, असं शेठच म्हणाले.

घर त्यांनीच शोधून दिलं. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, इमारत वीसेक वर्षांची. घरात काकू, त्यांचे यजमान आणि मुलगा-सून. आतल्या बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीवर, कोपऱ्यापाशी, स्कर्टिंगपासून वर अडीच फुटांपर्यंत ओलीचा डाग. रंगाचे पोपडे आलेले, त्याखाली लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी पूड, फुटलेला, आणि डागाच्या वरच्या कडेला चहाच्या कपाच्या कडेसारखी तपकिरी रेघ. कॅमेऱ्यासाठी यापेक्षा छान डाग मिळणार नव्हता. वास इतका होता की घरातली मंडळी हॉलमध्ये झोपत होती, म्हणजे खोली आम्हाला मोकळी.

शेठचं निदान तयारच होतं. पश्चिमेची भिंत, नैऋत्येकडून पावसाचा मारा, बाहेरच्या गिलाव्याला बारीक भेगा. बाहेरून कोटिंग मारायचं, आतून दुरुस्ती करून रंग द्यायचा. फिल्ममध्ये विकायचं होतं ते बाहेरचं कोटिंग. आम्ही १६ एप्रिल २०२५ ला पाहणीला गेलो, तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायला हवं होतं. एप्रिलच्या मध्यावर, शेवटचा पाऊस पडून सहा महिने उलटले असताना, तो डाग हाताला गार आणि दमट लागत होता. पावसाच्या पाण्याने आलेली ओल उन्हाळ्यात सुकते. मागे उरतात त्या खुणा: फुगलेला रंग, क्षारांची पांढरी पूड, ती तपकिरी रेघ. भिंत मात्र कोरडी असते. उन्हाळ्यात भिंत ओलीच राहत असेल, तर तिला कुठून तरी रोज पाणी मिळतंय. ही गोष्ट माझ्या लक्षात आली ती दहा दिवसांनी, आणि तीही कॅमेऱ्यामुळे.

आमची पद्धत अशी होती. छोटा कॅमेरा माळ्याच्या कडेला क्लॅम्पने घट्ट बसवला आणि काम संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. दर दहा मिनिटांनी एक फोटो, म्हणजे दिवसाला १४४. दहा दिवसांचे १,४४० फोटो सेकंदाला २५ या वेगाने चालवले, तर जेमतेम एक मिनिट होतं. खिडकीतलं ऊन दिवसभर सरकतं, आणि त्यात भिंत खरंच सुकतेय की नुसता उजेड बदलतोय हे कळत नाही. म्हणून खिडकीला काळं कापड सैलसर लावलं, वारा येईल पण ऊन येणार नाही असं, आणि एक एलईडी पॅनेल कायम चालू ठेवलं. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून कुलूपबंद केले. हे सोडलं कॅमेऱ्यावर, तर तो दर फोटोत भिंत आपल्या मनाने उजळवत बसतो, आणि डाग सुकला की कॅमेऱ्याने सुकवला हे सांगता येत नाही.

पॅनेल ठेवलं होतं भिंतीच्या अगदी बाजूला, उजेड भिंतीला घासून जाईल असं. समोरून उजेड टाकला की भिंत सपाट दिसते. बाजूने टाकला की प्रत्येक पोपड्याची सावली पडते आणि डाग जिवंत होतो. ही युक्ती आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. हे पॅनेल ठेवायला मात्र कोपऱ्यातलं लाकडी कपाट आड येत होतं. ते फूटभर ओढलं, तर मागची प्लायवूड खालून पावासारखी फुगलेली, आणि कपाटामागच्या भिंतीवरही ओल. पश्चिमेच्या भिंतीवर ती चार फूट रुंद दिसत होती. कपाटामागे, म्हणजे काटकोनातल्या आतल्या भिंतीवर, आणखी दीड फूट. त्या आतल्या भिंतीपलीकडे बाथरूम.

सवय म्हणून मी पेन्सिलने डागाची कड आखून घेतली आणि खाली स्कर्टिंगच्या टाइलवर मार्करने तारीख लिहिली: १६/४. भेगा वाढतायत का हे पाहायला लोक अशाच तारखा टाकतात, ओलीलाही ते चालतं.

१८ तारखेला घरची सगळी मंडळी सातारा बाजूला लग्नाला गेली, ती २३ च्या रात्री परतली. कॅमेरा चालू होता. मधे वीज गेल्याने एका दुपारचे काही फोटो गळले, बाकी सगळे मिळाले. २६ ला मी ते एकत्र चालवून पाहिले आणि दोनदा पाहिले. मंडळी गेल्यावर दुसऱ्या दिवसापासून डागाची कड फिकट व्हायला लागली होती. २३ पर्यंत ओली रेघ पेन्सिलच्या खुणेपासून चार बोटं आत सरकली होती. आणि मंडळी परत आल्यावर तीन दिवसांत ती पुन्हा पेन्सिलला येऊन टेकली. मधल्या काळात पावसाचा थेंब नव्हता. बदललं होतं ते एकच: पाच दिवस बाथरूम कुणी वापरलं नव्हतं.

काकूंना फोन केला. विचारलं, "काकू, लग्नाला जाताना पाण्याचा मुख्य कॉक बंद केला होता का?"

"नाही गं, कशाला? वरच्या टाकीचं पाणी आहे, राहतं तसंच चालू."

हे उत्तर फार मोलाचं होतं. कॉक चालू होता म्हणजे नळाच्या पाइपांत पाच दिवस पाणी दाबाखाली उभं होतं. पाइप गळत असता, तर घर रिकामं असतानाही डाग वाढत राहिला असता. तो सुकला. म्हणजे गळत होतं ते वापरून सांडलेलं पाणी: फरशीचे सांधे, पाणी जिथून खाली जातं त्या नहाणी ट्रॅपचा गळा किंवा ड्रेनेजचा पाइप, यांपैकी काहीतरी.

शेठना हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, पण बाहेर भेगा आहेत, त्या खोट्या आहेत का?" खोट्या नव्हत्या. बीम आणि विटांच्या सांध्यावर केसासारखी भेग होती आणि ती भरायलाच हवी होती. पण या डागाचं कारण ती नव्हती. बाहेर कोटिंग मारून आत रंग दिला असता, तर फिल्म सुंदर झाली असती आणि डाग दोन-तीन महिन्यांत परत आला असता. ऐन पावसाळ्यात, म्हणजे कोटिंगच फसलं असं सगळ्यांना वाटेल अशा वेळी. शेवटच्या वाक्याने शेठ वळले. माझ्या तत्त्वांनी वळले असं मला वाटत नाही.

पुढची पायरी त्यांच्या मिस्त्रीने केली, आणि फिल्ममधला सगळ्यात चांगला प्रसंग त्यानेच दिला. २७ एप्रिलला बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपच्या तोंडात चिंध्या आणि पिशवी कोंबून ते बंद केलं, उंबऱ्यापाशी सिमेंटचा छोटा बांध घातला आणि फरशीवर दोन इंच पाणी उभं केलं. टाइलवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलची खूण. मग त्याने एक प्लास्टिकची बादली आणली, तिच्यात पाणी भरलं, आतून तशीच खूण केली आणि बाथरूमच्याच कट्ट्यावर ठेवली. मी विचारलं, ही कशाला? म्हणाला, "ताई, उन्हाळा आहे. पाणी उडून पण जातं. बादलीतलं जेवढं उडेल तेवढं माफ. त्याच्या वर जे उतरेल ते गळलं."

चोवीस तासांनी बादली ३ मिलिमीटर उतरली होती. फरशी ११. ट्रॅप बंद होता, म्हणजे हे ८ मिलिमीटर ड्रेनेजच्या पाइपातून गेलेलं नव्हतं. ते फरशीच्या सांध्यांतून, ट्रॅपच्या गळ्याभोवतून आणि भिंत-फरशीच्या कोपऱ्यातून खालच्या भरावात उतरलं होतं. बाथरूमच्या टाइलखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. आतलं पाणी उताराने सखल कोपऱ्याकडे जमतं आणि तिथून भिंतीत चढतं. इथे तो कोपरा पश्चिमेच्या बाजूला होता, म्हणूनच डाग बाहेरच्या भिंतीवर मोठा दिसत होता आणि सगळ्यांची नजर पावसाकडे गेली होती. कपाटाने बाकीचं झाकलं.

यावर खरा आणि कायमचा उपाय म्हणजे बाथरूमची फरशी उखडणं, कोबा काढणं, स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा थर देऊन भिंतींवर फूटभर चढवणं आणि मग नवी फरशी. काकूंची त्याला तयारी नव्हती, खर्चाचीही नाही आणि धुळीचीही नाही. ठरला तो मधला मार्ग. टाइलच्या सगळ्या सांध्यांतलं जुनं व्हाइट सिमेंट कटरने कोरून काढायचं, ते इपॉक्सी ग्राउटने भरायचं, ट्रॅपभोवतीचा भाग छिन्नीने उघडून न आक्रसणाऱ्या ग्राउटने बंद करायचा आणि भिंत-फरशीचा कोपराही सील करायचा. हे काम चांगलं झालं तर काही वर्षं टिकतं. इमारत हलली, टाइल पोकळ झाली, की सांधे पुन्हा उघडतात. ही मर्यादा फिल्ममध्ये बोलून सांगायचीच, ही माझी अट होती. शेठनी ती मान्य केली, पण "काही वर्षं" या शब्दांवर अर्धा तास वाद घातला.

ग्राउटिंग २९ आणि ३० एप्रिलला झालं. नंतर तीन दिवस बाथरूम बंद. काकूंच्या घरी दुसरं टॉयलेट होतं, आंघोळी शेजारी झाल्या. ४ मे रोजी पुन्हा पाणी उभं केलं आणि पुन्हा बादली ठेवली. ५ मेला दुपारी दोन्ही खुणा पाहिल्या: बादली ३, फरशी ३. मिस्त्रीने बोट लावून दोनदा खात्री केली. मग कॅमेऱ्याकडे बघून हसला, आणि ते हसू आम्ही फिल्ममध्ये ठेवलं.

इकडे भिंतीचं काम २९ एप्रिललाच सुरू केलं होतं. ओल्या रेघेपासून अर्धा फूट पलीकडे जाऊन गिलावा विटेपर्यंत फोडला. डागाच्या कडेवर थांबलं तर क्षार शेजारच्या गिलाव्यात राहतात आणि नव्या रंगाला कडेनेच पोपडे येतात. लोणा आधी कोरड्या ब्रशने झाडून गोळा केला. पाणी मारून धुतला असता, तर क्षार विरघळून परत विटांत शिरले असते. त्यानंतर जे करायचं होतं, ते फिल्मवाल्यांच्या दृष्टीने सगळ्यात कंटाळवाणं होतं: काहीच नाही. भिंत उघडी ठेवायची आणि सुकू द्यायची.

शेठचं वेळापत्रक चार दिवसांचं होतं. विटा उघड्या राहिल्या तेरा दिवस. मेच्या पहिल्या आठवड्यात वळीव आला, हवा दमट झाली आणि सुकणं मंदावलं. आमच्याकडे दोन पिनांचं मॉइश्चर मीटर होतं. त्याचे आकडे मुळात लाकडासाठी असतात आणि विटेत क्षार असले, तर ते उगाच जास्त दाखवतं. त्यामुळे आकड्याकडे न पाहता तो रोज उतरतोय की नाही, एवढंच पाहायचं. रोज त्याच तीन ठिकाणी पिना टेकवायच्या. शिवाय मिस्त्रीची तपासणी होती: भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं, तर आतून पाणी येतंच आहे. ११ मेच्या रात्री लावलेला तुकडा १२ ला सकाळी आतून कोरडा निघाला.

१२ मेला पॉलिमर मिसळलेला तयार दुरुस्ती-मसाला दोन थरांत लावला. वाळू-सिमेंटचा साधा गिलावा असता, तर तीन-चार आठवडे रंगाला हात लावू नये. ताज्या सिमेंटची अल्कली रंगातल्या बाइंडरला खाते आणि रंग चिकट होऊन सुटतो. या मसाल्याच्या पिशवीवर लिहिलेला अवधी त्याहून बराच कमी होता. आम्ही तो पूर्ण करून वर काही दिवस जास्तच थांबलो. त्यावर अल्कली सोसणारा प्रायमर, पुट्टीचे दोन हात, आणि २४ मेला रंगाचा पहिला हात.

इथे आमचाच उजेड आमच्या अंगावर आला. पॅनेल अजून त्याच जागी होतं, भिंतीला घासून. रंग वाळल्यावर त्या उजेडात दुरुस्त केलेल्या भागाची कड स्पष्ट दिसत होती, भिंतीवर नकाशा काढावा तशी. जुना गिलावा आणि नवा मसाला यांच्यातला केसभराचा उंचवटा. खोलीतल्या ट्यूबच्या उजेडात तो कुणाला दिसलाही नसता. शेठ म्हणाले, "लाइट जरा समोरून मारा ना, मॅडम." पॅनेल दोन फूट सरकवलं असतं, तर नकाशा गायब. पण डाग दाखवताना बाजूचा उजेड आणि रंग दाखवताना समोरचा, हीच तर ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या जाहिरातींमधली सगळ्यात जुनी लबाडी आहे. जो उजेड पोपडे उठावदार करतो, तोच उजेड नव्या भिंतीलाही मिळायला हवा. मिस्त्रीला त्याचा राग आला नाही, उलट तो खुणेवर बोट फिरवून म्हणाला की हे दिसतंय तर सोडायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने नुसता तुकडा नाही, तर कोपऱ्यापासून दारापर्यंतच्या अख्ख्या भिंतीवर पुट्टीचा पातळ हात ओढला आणि घासला. एक दिवस आणि अर्धी गोणी पुट्टी वाढली. खर्च शेठचा.

२६ मे २०२५ ला, ठरलेल्या दिवसाच्या तब्बल १६ दिवस आधी, मान्सून मुंबईत दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. त्याच दिवशी आम्ही त्या पुट्टीवर नव्याने रंग देत होतो. दोन हातांमध्ये एरवी चार तासांचं अंतर पुरतं, त्या हवेत पहिला हात संध्याकाळपर्यंत बोटाला चिकटत होता. दुसरा २७ ला दिला.

आणि दुपारी शेठचा फोन, आनंदात: "मॅडम, याहून चांगला मोका नाही. बाहेर धो-धो पाऊस, आत कोरडी भिंत. एकाच शॉटमध्ये घ्या. खिडकीतून पाऊस, मग कॅमेरा भिंतीवर."

शॉट खरंच देखणा झाला असता. शिवाय त्यात काहीच खोटं नव्हतं: पाऊस खरा, भिंत खरी, कोरडेपणा खरा. पण या भिंतीला ओल पावसाने आलीच नव्हती. काम केलं नसतं, तरी पावसाने तिचं काही बिघडलं नसतं. तो शॉट लावला की पाहणारा समजणार की पावसाचं पाणी आम्ही अडवलं. मी नाही म्हटलं. मग ते म्हणाले, खाली बारीक अक्षरात लिहू की गळती बाथरूमची होती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत: डिस्क्लेमर मूळ दाव्याच्या उलट जाऊ शकत नाही, आणि दावा ज्या भाषेत त्याच भाषेत तो द्यावा लागतो. मोठ्याने एक सांगायचं आणि तळाशी इंग्रजीत दुसरं, हे चालत नाही. शेठनी शेवटी विचारलं, "मग पुरावा काय दाखवणार?"

बादली. फिल्मच्या मध्यभागी आम्ही सलग अठरा सेकंद फक्त दोन पेन्सिलच्या खुणा दाखवल्या, आधी कामापूर्वीच्या आणि मग कामानंतरच्या, मिस्त्रीच्या आवाजात. संगीत नाही. त्याआधी लग्नाच्या पाच दिवसांत आत सरकणारी आणि पुन्हा बाहेर येणारी ओली कड. शेवटी २८ तारखेला, त्याच जागेवरून, त्याच उजेडात घेतलेली भिंत. बाहेरच्या कोटिंगचं नाव या फिल्ममध्ये कुठेच आलं नाही. त्याची वेगळी, वीस सेकंदांची फिल्म शेठनी दुसऱ्या एका इमारतीवर करून घेतली, तिथली भिंत खरोखर पावसाची होती.

आमच्याकडून राहून गेलेल्या गोष्टीही आहेत. कोब्यातलं पाणी एका महिन्यात पूर्ण सुकत नाही. सांधे बंद झाल्यावर ते आतच अडकतं आणि सावकाश बाहेर पडतं. म्हणून नव्या रंगाखाली पुढच्या काही महिन्यांत बारीक लोणा दिसू शकतो, आणि तो दिसला म्हणजे काम फसलं असं नाही. हे फिल्ममध्ये सांगायला वेळ उरला नाही. आणखी एक: पाहणीच्या दिवशी मी भिंतीला हात लावला होता, गारवा जाणवला होता, आणि तरी कोटिंगच्या फिल्मची पटकथा लिहायला घेतली होती. लग्न नसतं, तर तीच फिल्म झाली असती.

सप्टेंबरच्या अखेरीस गणपती उरकल्यावर काकूंकडे गेले होते. मीटर नेलं होतं, तिन्ही ठिकाणी पिना टेकवल्या, आकडे १२ मेच्या खालीच होते. एके जागी, कोपऱ्यात, नखाएवढ्या भागावर पांढरी पूड होती, ब्रशने झाडली की गेली. कपाट काकूंनी भिंतीपासून वीतभर पुढे ठेवलं होतं.

"मागे आता बघता येतं," त्या म्हणाल्या, "पण झाडू घालावा लागतो रोज."

वाकून पाहिलं. भिंतीवरची पेन्सिलची आखणी रंगाखाली गेली होती. स्कर्टिंगच्या टाइलवरचं १६/४ मात्र तसंच होतं.